घमेल्यातल्या तीन भाकऱ्या

तो आला तेव्हा मी त्याला चहा दिला, याचा मला अजून राग येतो.

खाण्यापिण्याचे व्हिडिओ करणारा पोरगा होता. अंगात चांगला शर्ट, गळ्यात माईकची वायर. सोलापूरची कडक भाकरी चुलीवर कशी करतात ते लोकांना दाखवायचंय, म्हणाला. आमच्या घरामागं पत्र्याची शेड आहे, तिथं मी आणि दोन बायका भाकऱ्या करतो. एक माझ्याच वयाची आहे, घरी तेलुगू बोलते आणि पीठ मळायला तिच्यासारखी कुणी नाही. दुसरी तरुण आहे, नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला जातो. भाकरी थापणं आणि भाजणं माझ्याकडं. ज्वारीचं पीठ, मीठ, वरून तीळ. पातळ थापायची, तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं, उलटायची, मग निखाऱ्यावर फडक्यानं दाबत दाबत सगळा ओलावा घालवायचा. ही भाकरी महिना महिना टिकते. ती टिकते कारण तिच्यात ओल राहत नाही. दुसरं काही गुपित नाही, आणि हे मी त्याला तीनदा सांगितलं.

तो दोन तास होता. जाताना पाया पडला.

चार दिवसांनी तरुण बाईनं मला तिच्या फोनवर त्याचा व्हिडिओ दाखवला. आठ मिनिटांचा होता. पहिली पाच मिनिटं माझी चूल, माझे हात, माझ्या बांगड्या, गोड संगीत. मग संगीत बदललं. माझ्या उलथन्यावरून एक भाकरी घसरली आणि जमिनीवर पडली. मी ती उचलली आणि दुरडीतल्या भाकऱ्यांवर ठेवली. लगेच पुढच्या चित्रात त्याच दुरडीतल्या भाकऱ्या पिशव्यांत भरताना दिसल्या. वरून त्याचा आवाज, की आपण जे हौसेनं विकत घेतो ते कुठून उचलून येतं याचा कधी विचार केलाय का. शेवटी तो आमच्याच चुलीसमोर उभा राहून म्हणतो की आजींच्या कष्टांचा आदर आहे, पण स्वच्छतेचं काय.

संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला. नव्या पेठेतल्या या दुकानात आमचा जवळजवळ सगळा माल जायचा. तो म्हणाला, गिऱ्हाइकं मला फोन दाखवून विचारतात, ही तीच भाकरी का. सध्या माल पाठवू नका. किती दिवस, असं मी विचारलं. बघू, म्हणाला. दोन्ही बायकांना मी दुसऱ्या दिवशी येऊ नका म्हणून सांगितलं.  तेलुगू बोलणारीनं परात घासली, पालथी घातली आणि गेली. ती परात पालथी बघून मला जो राग आला तो मी कुणावर काढावा हे मला कळेना, म्हणून सुनेवर काढला.

माझी सून आधी लग्नाच्या शूटिंगवाल्याकडं व्हिडिओच्या कापाकापीचं काम करायची. आता घरी बसून साडीच्या दुकानांचे व्हिडिओ करते. मी तिला म्हटलं, मला त्याचा पत्ता काढून दे, मी जाऊन त्याच्या कानाखाली ओढते.

ती म्हणाली, "मग त्याचा बी व्हिडिओ करील त्यो. त्याला आयतंच मिळंल की. तुमी हितं बसा अन् त्याच्याच व्हिडिओत बसून बोला."

त्याच्याच व्हिडिओत कसं बसायचं ते तिनं मग समजावून सांगितलं. त्याचा व्हिडिओ चालू ठेवायचा, मोठा. कोपऱ्यात लहान चौकटीत मी, तो बघताना. जिथं तो खोटं बोलेल तिथं त्याचा व्हिडिओ थांबवायचा, चित्र जागच्या जागी उभं राहतं. मग माझी चौकट मोठी होते आणि मी बोलते. बोलून झालं की तो पुढं चालू, मी परत लहान. पूर्ण आठ मिनिटं मात्र वाजवायची नाहीत. त्याचा अख्खा व्हिडिओ आपण लावला तर तो तक्रार करेल आणि आपला उडवला जाईल. ज्यावर आपल्याला बोलायचंय तेवढेच तुकडे घ्यायचे आणि व्हिडिओ कुणाचा ते वर लिहायचं.

मला हे पटलं. त्यानं मला बोलताना मधेच कापलं होतं. आता मी त्याला मधेच थांबवणार होते.

आमच्या गल्लीत दोन्ही बाजूला माग आहेत, दिवसभर खटखट चालते. म्हणून मागांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी बसलो. सुनेनं तिचा फोन पिठाच्या डब्यावर टेकवून माझ्या तोंडासमोर ठेवला. माझ्या हातात दुसरा फोन, त्यात त्याचा व्हिडिओ. तिनं माझ्या कानात वायरीचं बोंडूक घातलं. मी ते काढलं. मला एका कानानं कमी ऐकू येतं आणि दुसऱ्यात ती बोंडकं टिकत नाहीत. ती म्हणाली, त्याचा आवाज बाहेर आला तर तो तुमच्या आवाजात मिसळून रेकॉर्ड होतो, मग मला वेगळा काढता येत नाही. शेवटी बऱ्या कानात बोंडूक घालून वरून पदर घट्ट बांधला. मी आजारी असल्यासारखी दिसत होते. बोलायचं असेल तिथं फोनवर बोट टेकवून व्हिडिओ थांबवायचा, आणि तो थांबलेला असतानाच बोलायचं, चालू असताना बोलायचं नाही, असं तिनं बजावलं. सुरुवातीला तिनं मला त्याचा व्हिडिओ चालू करताना एक टाळी वाजवायला लावली. ती टाळी बघून तिला नंतर त्याचं आणि माझं जुळवता येतं.

मला ते जमलं नाही. तो बोलायला लागला की माझं तोंड सुरू व्हायचं. थांबवायचं ध्यानात येईपर्यंत त्याच्या सात पिढ्या माझ्या काढून झालेल्या असायच्या. सून कपाळाला हात लावून बसली. "आत्या, आधी थांबवा, मग शिव्या द्या. चालू असताना दिल्या तर त्याचं बी ऐकू येणार न्हाय अन् तुमचं बी."

म्हणून चार वेळा घेतलं. चौथ्या वेळी मी आधी थांबवत होते. तरी लहान चौकटीत माझे ओठ हलताना दिसतातच. तिथला माझा आवाज तिनं बंद करून टाकला.

भाकरी पडते तिथं मी थांबवलं नव्हतं. तो तुकडा आला की मी बघत राहायचे आणि तो निघून जायचा. पुढं पिशव्या भरताना थांबवायचे आणि तिथं ओरडायचे की हे खोटं आहे, ती भाकरी मी काढली होती. 

दोन दिवसांनी तिनं कापून जोडून तयार केलेलं मला दाखवलं. कापायच्या ॲपमध्ये त्याचा व्हिडिओ खालच्या ओळीत, माझा वरच्या. जिथं जिथं मी बोलले तिथं तिनं त्याचा व्हिडिओ चिरला होता आणि त्या जागी थांबलेलं चित्र घालून माझं बोलणं संपेपर्यंत ओढून लांब केलं होतं. काम सफाईदार होतं, खोटं बोलणार नाही. पण बघता बघता माझं डोकं तापत गेलं.

पहिलं म्हणजे, जिथं जिथं त्याचं चित्र थांबलं होतं तिथं त्याचं तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले. माणूस बोलत असताना नको तिथं थांबवला तर वेडाच दिसतो. मी थांबवलं तेव्हा तो असा दिसत नव्हता. तिनं पुढंमागं सरकवून ते निवडलं होतं. लोक हसतील, म्हणाली.

दुसरं म्हणजे भाकरी. भाकरी पडते, मी उचलते, आणि हात दुरडीकडं जायच्या आत तिनं चित्र थांबवलं होतं. त्यावर माझं बोलणं लावलं होतं, जे मी पिशव्यांच्या ठिकाणी बोलले होते. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की मी भाकरी उचलली आणि बाजूला ठेवली. मग पुढचं थेट पिशव्या भरताना.

मी तिला म्हटलं, माझा हात दुरडीकडं गेला होता.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "म्हणून तर कापलं."

खरं काय झालं ते सांगते. भाकरी पडली. मी उचलली. पन्नास वर्षं भाकरी हातात आली की हात दुरडीकडं जातो, तसा गेला. ठेवली आणि लगेच ध्यानात आलं. मग ती काढली, आणि ती जिच्यावर टेकली होती ती खालचीही काढली, आणि दोन्ही गाईच्या घमेल्यात टाकल्या. चुलीच्या उजव्या अंगाला एक जुनं लोखंडी घमेलं असतं. रोजची पहिली भाकरी मी दोन तुकडे करून त्यात टाकते, ती गल्लीतल्या गाईची. पडकं, करपलं, तुटकं तेही त्यातच जातं. त्या पोरानं भाकरी दुरडीवर ठेवताना घेतली आणि काढताना कापली. का कापली ते त्यालाच ठाऊक. पण ठेवली होती, हे खोटं नाही.

मी सुनेला म्हटलं, त्यानं जे माझ्याशी केलं तेच तू त्याच्याशी केलंस, आणि वर माझं तोंड लावून केलंस.

तीही तापली. तिनं मला सरळ विचारलं, की हात दुरडीवर गेलेला तुमच्याच तोंडानं कबूल केलात तर दुकानदार माल घेईल का, आणि त्या दोघी घरी बसल्यात त्यांना काय सांगायचं. काढून टाकली हे कुणी बघितलंय? त्याच्याकडं चित्र आहे, तुमच्याकडं नुसतं तोंड आहे.

 खरं ऐकलं की मला अजून राग येतो. मी म्हटलं, हा व्हिडिओ टाकायचा नाही. ती म्हणाली, नका टाकू, मला काय. दोघी तशाच बसलो. फोन मधे पडला होता आणि तिनं लावलेलं शेवटचं चित्र त्यावर थांबलेलं होतं, तो आमच्या चुलीसमोर उभा राहून आदर आदर म्हणतो ते. तिथं मी बरंच बोलले होते म्हणून माझी चौकट मोठी होती, खाली उजव्या कोपऱ्यात.

मला माझं तोंड बघायला आवडत नाही म्हणून मी तोंडाच्या बाजूला बघत होते. चौकटीच्या कडेनं काहीतरी काळं बाहेर आलेलं दिसत होतं, वाकडं, नखाएवढं.

मी विचारलं, "माझ्या कानापाशी हे काळं काय हाय?"

ती म्हणाली, तुमच्यात नाही, ते मागच्या चित्रात आहे. तिनं बोटानं माझी चौकट धरली आणि ओढून वर डाव्या कोपऱ्यात नेली. चौकटीखालून चुलीची उजवी बाजू निघाली. घमेल्याची कड होती ती. अख्खं घमेलं तिथंच, त्याच्या पायांमागं. सुनेनं चित्र मोठं केलं. घमेल्यात दोन तुकडे केलेली एक भाकरी, आणि तिच्यावर दोन अख्ख्या.

त्यानंच घेतलेलं होतं. त्याला घमेलं काय असतं ते माहीत नव्हतं, म्हणून ते कापायचंही त्याला सुचलं नाही. आणि आम्ही माझं थोबाड नेमकं त्यावर बसवलं होतं. कोपरा रिकामा आहे म्हणून तिनं चौकट खाली उजवीकडं ठेवलेली, सगळे तिथंच ठेवतात म्हणून.

सून तोंडावर हात धरून हसायला लागली. मी हसले नाही. मी तिला त्याचा व्हिडिओ सुरुवातीला न्यायला सांगितलं. त्याच्या व्हिडिओच्या दुसऱ्या मिनिटाला, मी चूल पेटवून पहिली भाकरी करून झाल्यावर, तेच घमेलं दिसतं. तिथं तिनं थांबवलं. घमेल्यात फक्त दोन तुकडे. सकाळी एक, जाताना तीन.

तिला वाटलं आता भांडण मिटलं. ती म्हणाली, एवढं दाखवलं की झालं, हाताचा विषय काढायची गरजच नाही. पडलेली भाकरी घमेल्यात गेली हे दिसतंय.

मी म्हटलं, पडली एकच. मग घमेल्यात दोन अख्ख्या कशा आल्या?

 दुसरी आली ती खालची, जिच्यावर मी पडकी ठेवली होती. ती का काढली हे सांगायचं तर हात गेला होता हे सांगावंच लागतं. हात लपवला तर तिसरी भाकरी उभी राहत नाही. सून मान खाली घालून फोनवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "बसा परत. पदर बांधा."

त्या दिवशी माग चालू होते. सुनेनं शेडची दारं लावून घेतली, गोणपाट लावले, तरी माझ्या बोलण्यामागं खटखट येतेच. येऊ दे म्हटलं. या वेळी मी भाकरी पडते तिथं व्हिडिओ थांबवला नाही. उचलली, थांबवला नाही. हात दुरडीवर गेला, भाकरी टेकली, आणि तिथं थांबवला. मी म्हटलं, हा माझा हात आहे. पडलेली भाकरी मी दुरडीवर ठेवली. सवयीनं ठेवली, पण ठेवली. पुढं काय झालं ते यानं कापलंय, ते मी सांगते आणि याच्याच व्हिडिओत दाखवते. त्याला एकही शिवी दिली नाही. सून म्हणते म्हणून नाही. शिवी दिली असती तर लोकांनी शिवीच ऐकली असती.

मग सकाळचं घमेलं आणि जातानाचं घमेलं, दोन्ही थांबवलेली चित्रं तिनं शेजारी शेजारी लावली. माझी चौकट वर, लहान. त्याची वेडीवाकडी तोंडं मी तिला काढायला लावली आणि जिथं खरंच थांबवलं होतं तिथलीच ठेवली. ती करवादली, एवढी मेहनत वाया गेली म्हणाली. पण काढली. सगळं मिळून सहा मिनिटांचं झालं. त्यात त्याचं दीड मिनिट असेल.

टाकल्यावर तिसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन. आवाज गोड. बघितला म्हणाला, छान केलाय, घमेल्याचं एकदम पक्कं आहे. फक्त एक करा. तो हात दुरडीवर थांबवलाय ना, तेवढं काढून टाका. गिऱ्हाईक तेवढंच बघतं. ते काढलंत की उद्यापासून माल सुरू.

सून शेजारी बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. तिला दोन बोटांचं काम होतं ते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिचा फोन बाजूला ठेवला.

मी त्याला म्हटलं, "ते काढलं तर मी बी त्याच्यासारखीच झाले की. माल नगं तर नगं."

तो म्हणाला, बघा बाई, तुमच्याच भल्याचं सांगतोय. मी फोन ठेवला.

मग मी दोघींच्या घरी गेले. त्यांचा रोजगार मी माझ्या तोंडानं बंद ठेवला होता, ते त्यांना फोनवर सांगणं बरं नव्हतं. तेलुगू बोलणारीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मी तिथंच बसले होते, मला दिसलं होतं, तू दोन्ही काढल्यास. मी विचारलं, मग तेव्हाच का बोलली नाहीस? मला कुणी विचारलं नाही, म्हणाली. तिचं बरोबर होतं. तो पोरगाही तिच्याशी बोलला नव्हता, आणि आम्हीही तिला व्हिडिओत बसवायचा विचार केला नव्हता. तरुण बाई मात्र चिडली. तुमचं खरं तुमच्यापाशी, माझ्या घरी दोन पोरं आहेत, म्हणाली आणि दार लावून घेतलं. तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही.

बरेच दिवस काही झालं नाही. मग एके सकाळी दुकानदाराचा माणूस टेम्पो घेऊन आला आणि आधीच्या निम्मा माल मागितला. का, कशासाठी, एक शब्द नाही. मीही विचारलं नाही. तेलुगू बोलणारी आली. तरुण बाई आली नाही. ती आता टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. रस्त्यात भेटली तर बोलते, पण थांबत नाही.

त्या पोरानं आमच्या व्हिडिओखाली हात जोडल्याची तीन चित्रं टाकली, आजी तुमचा आदर आहे असं लिहिलं. स्वतःचा व्हिडिओ त्यानं काढला नाही. तो अजून आहे आणि आमच्यापेक्षा कितीतरी जास्त लोक तो बघतात. सून म्हणते विसरा आता. मी विसरणार नाही.

घमेलं आता चुलीच्या उजव्या अंगाला नाही. मी ते समोर, दाराकडं सरकवलंय, कुणी कुठूनही फोन धरला तरी त्यात येईल असं. परवा एक भाकरी पडली. हात दुरडीकडं निघालाच होता. तेलुगू बोलणारीनं माझं मनगट धरलं आणि घमेल्याकडं वळवलं.  मग मी पुढची भाकरी थापायला घेतली.